मैत्रिणीची व्हायवा घेताना

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या पंधरवडाभर आधी विभागातली मंडळी एक सराव ठेवतात. रिकामा वर्ग, प्रोजेक्टर, चार मित्रमैत्रिणी आणि वीस मिनिटांचं सादरीकरण. मग कुणी विचारतं, ‘हाच विषय का निवडला?’ दुसरा म्हणतो, ‘पुढे काय करायचा विचार आहे?’ तिसरा स्लाईडवरचं शुद्धलेखन दाखवतो. तेवढ्यात चहा येतो आणि ‘मस्त झालं गं’ म्हणत सगळे उठतात. सादरीकरणाची वेळ तेवढी नीट बसते, पण प्रबंध कुणी उघडलेलाच नसतो.

खरी परीक्षा मात्र प्रबंधाची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे मार्गदर्शकाखेरीज बाहेरचे किमान दोन परीक्षक प्रबंध तपासतात आणि त्यांतला किमान एक जण तोंडी परीक्षेला असतो. त्याने पानापानांत खुणा केलेल्या असतात. शिवाय ही परीक्षा खुली असते. विभागातले शिक्षक आणि इतर संशोधकही समोर बसलेले असतात. म्हणून सरावातल्या ‘परीक्षकां’ना आठ दिवस आधी स्लाईड नव्हे, प्रबंध द्यायला हवा. अख्खा वाचायला कुणालाच सवड नसते. त्यांनी सारांश, संशोधन पद्धतीचं प्रकरण, मुख्य तक्ते आणि निष्कर्ष एवढं वाचलं तरी पुरतं.

वाचताना वीस प्रश्न काढण्याच्या भरीस पडू नये. प्रबंधातला सगळ्यात मोठा एकच दावा निवडावा आणि त्याच्या तळापर्यंत जावं. उदाहरणच घेऊ. समजा, मैत्रिणीचा प्रबंध उसाच्या ठिबक सिंचनावर आहे. तीन गावं, 120 शेतकरी. त्यांतले निम्मे ठिबकवाले, निम्मे पाटाने पाणी देणारे. निष्कर्षात तिने लिहिलंय की ठिबकमुळे 40 टक्के पाणी वाचलं.

पहिला प्रश्न अगदी साधा असतो : ‘हे पाणी तुम्ही मोजलं कसं?’ ती सांगते की मोटार किती एचपीची आणि ती किती तास चालते हे शेतकऱ्यांना विचारून हिशेब केला. म्हणजे पाणी मोजलेलं नाही, आठवणीतले तास मोजलेत. पुढचा प्रश्न इथूनच निघतो. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की तीच मोटार तासाला कमी पाणी उपसते. वीज कधी दिवसा, कधी रात्री येते. ऑटो स्विच लावलेली मोटार किती तास चालली हे मालकालाच नेमकं ठाऊक नसतं. ‘मग तुमचे तास किती खरे धरायचे? निदान पाच-सात विहिरींवर तुम्ही स्वतः पडताळणी केली होती का?’

दुसरा प्रश्न तुलनेचा. ठिबक बसवणारा शेतकरी आधीपासूनच थोडा बऱ्या स्थितीतला असू शकतो. त्याची जमीन वेगळी असेल, विहीर आटणारी असेल, म्हणूनही तो ठिबककडे वळला असेल. ‘हे शेतकरी ठिबकशिवायही पाणी जपूनच वापरत नसतील कशावरून?’ उमेदवाराने दोन्ही गटांची जमीन, विहिरीची खोली, उसाचं वाण यांची तुलना केली असेल, तर ती तक्ता दाखवेल. नसेल, तर ‘ठिबकमुळे’ हा शब्द काढून ‘ठिबकवाल्यांकडे पाणी कमी लागलेलं दिसलं’ असं म्हणावं लागेल. वाक्य एवढंसं बदलतं, पण व्हायवात सगळा जोर त्याच शब्दावर येतो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण तो तिच्याच आकड्यांतून निघतो. समजा, तक्त्याप्रमाणे एकरी पाणी 100 वरून 60 वर आलं, पण पुढच्याच पानावर लिहिलंय की ठिबकवाल्यांनी ऊस सरासरी 2 एकरांवरून 3 एकरांवर नेला. आता हिशेब करा. आधी 2 गुणिले 100, म्हणजे 200. आता 3 गुणिले 60, म्हणजे 180. एकरी बचत 40 टक्के, पण विहिरीतून उपसलेलं पाणी फक्त 10 टक्क्यांनी कमी. ‘मग नेमकं वाचलं काय? एकराचं पाणी की गावाचं?’ हा प्रश्न ऐकून उमेदवार गप्प झाली, तर सराव सार्थकी लागला म्हणायचा. उत्तर अवघड नाही. दावा एकरापुरता आहे असं स्पष्ट म्हणायचं आणि क्षेत्र वाढल्याची नोंद निष्कर्षातच करायची. पण ते पहिल्यांदा बाहेरच्या परीक्षकासमोर सुचत नाही.

कडक असावं म्हणजे आवाज चढवावा असं नव्हे. मित्रांमध्ये दोन टोकं दिसतात. कुणाला मैत्रिणीची दया येते आणि तो प्रश्न विचारता विचारता उत्तरही देऊन टाकतो. कुणाच्या अंगात एकदम परीक्षक संचारतो आणि ‘हे तर कुणालाही माहीत आहे’ अशी शेरेबाजी सुरू होते. न्याय्य प्रश्नाची माझी कसोटी एकच आहे : उत्तर प्रबंधातून किंवा तिने स्वतः केलेल्या कामातून देता यायला हवं. ‘तुम्ही कापूस का घेतला नाही?’ हा दुसऱ्या प्रबंधाचा प्रश्न आहे, तो सोडून द्यावा.

बाकी पथ्यं साधी आहेत. एरवीचं ‘अगं तू’ त्या तासाभरापुरतं बाजूला ठेवून ‘तुम्ही’ म्हणावं. संबोधन बदललं की दोघांचंही बसणं-बोलणं बदलतं. प्रश्न पान क्रमांक सांगून, एका वेळी एकच विचारावा. विचारल्यावर निदान दहा सेकंद गप्प राहावं. आपल्याला ती शांतता सोसत नाही आणि आपणच मदतीला धावतो. प्रश्न कळला नसेल, तर वेगळ्या शब्दांत एकदाच विचारावा. तिला प्रबंध उघडून पाहू द्यावा, कारण खऱ्या परीक्षेतही तो समोरच असतो. आणि ‘माझ्या माहितीवरून हे सांगता येणार नाही, त्यासाठी मोटारीवर मीटर बसवून मोजावं लागेल’ असं उत्तर आलं, तर ते पूर्ण उत्तर मानून थांबावं. प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर येऊ लागलं, तर मात्र विचारावं, ‘मग तुमच्या माहितीवरून खात्रीने काय सांगता येतं?’

एकाने प्रश्न विचारू नयेत, फक्त लिहून घ्यावं : प्रश्न जसाच्या तसा आणि उत्तराचं पहिलं वाक्य. उमेदवार कुठे अडकली हे त्या पहिल्या वाक्यावरून कळतं. ‘म्हणजे कसं आहे की’ने सुरू झालेली उत्तरं वेगळी काढली की पुढच्या पंधरा दिवसांचा अभ्यास ठरतो. मार्गदर्शकांना या पहिल्या सरावाला बोलावू नये, कारण ते समोर असले की उमेदवार प्रत्येक उत्तर त्यांच्याकडे पाहून देते.

मित्रांच्या सरावाला एक मर्यादा आहेच. पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही जमिनीत मुरून पुन्हा विहिरीलाच येतं. मग ते ‘वाया गेलं’ असं धरायचं का? हा प्रश्न भूजल शिकलेल्या माणसालाच सुचेल. म्हणून सरावाच्या चार जणांत एक तरी शेजारच्या विभागातला असावा.

तेव्हा तुमच्या विभागातल्या कुणी ‘माझ्या सरावाला ये’ म्हटलं, तर पीपीटी मागू नका. पद्धतीचं प्रकरण मागा, आणि तेही आठ दिवस आधी. ते वाचायला जमणार नसेल, तर सरळ नाही म्हणा.