पावती क्रमांक पुन्हा एकपासून: पोस्टग्रेस अपग्रेडचे गैरसमज

समजा, संग्रामपूर तालुक्यातल्या एका जिनिंगची कापूस-खरेदी तीन सर्व्हरांच्या पोस्टग्रेस क्लस्टरवर नोंदली जाते. एक प्रायमरी, दोन स्टँडबाय, व्हर्जन 13. या व्हर्जनची देखभाल नोव्हेंबर 2025 मध्ये संपली, म्हणून 17 वर जायचे आहे. पण ऐन हंगामात काटा बंद ठेवता येत नाही.

गैरसमज : आधी स्टँडबाय बदलायचे, शेवटी प्रायमरी. मोंगोडीबीत हे चालते, पोस्टग्रेसमध्ये नाही. इथला स्टँडबाय प्रायमरीच्या फाइलींतले बदल जसेच्या तसे उतरवून घेतो, त्यामुळे दोघांचे मेजर व्हर्जन एकच लागते. जुन्या डेटावर 17 सुरू करून पाहा, `database files are incompatible with server` म्हणून तो उठतच नाही. एकेक सर्व्हर बदलण्याची रीत 17.1 वरून 17.2 अशा किरकोळ अपग्रेडपुरती आहे. मेजरसाठी 17 चा वेगळा सर्व्हर उभा करून, लॉजिकल रेप्लिकेशनने त्यात ओळी पोचवत राहायच्या आणि मग एका क्षणी काम तिकडे वळवायचे. तो सर्व्हर नीट चालू लागला, की त्याचे स्टँडबाय नव्याने बांधायचे.

गैरसमज : लॉजिकल रेप्लिकेशन सगळेच नेते. ते टेबलांतल्या ओळी नेते. टेबलाची रचना आपणच आधी उतरवायची, आणि मधल्या काळात कोणी नवा रकाना जोडला तर तोही दोन्हीकडे जोडायचा. सगळ्यांत फसवे प्रकरण सिक्वेन्सचे. जुन्या सर्व्हरवर शेवटची पावती 48210 असते. नव्यावर 48210 ओळी बिनचूक पोचलेल्या असतात, पण क्रमांक देणारा सिक्वेन्स एकवरच बसलेला असतो. मोजणी जुळते, सगळे खुश होतात आणि पहिल्याच गाडीला `duplicate key value` येते. म्हणून जुन्याकडे नोंदी थांबवल्यावर, उरलेले बदल पोचल्याची खात्री करून, थोडा पुढचा आकडा द्यायचा:

```sql
SELECT setval('pavti_id_seq', 48310);
```

मधले शंभर क्रमांक वाया जातात. हिशेबनीस कुरकुरेल, पण गाड्या अडणार नाहीत.

गैरसमज : जुना सर्व्हर ठेवलाय, कधीही परतता येईल. नव्यावर पहिली पावती फाटली, की जुना मागे पडू लागतो. परतीची वाट नोंदी बंद असतानाच बांधावी लागते. आधी जुन्याकडून नव्याकडचे सबस्क्रिप्शन काढायचे, नाहीतर ओळी दोघांत फिरत राहतील. मग नव्याकडून जुन्याकडे उलटे जोडायचे, `copy_data = false` देऊन. कारण तिथे ओळी आधीच आहेत. त्यानंतरच काटा सुरू करायचा. ही उलटी वाट चालू असताना नव्या सर्व्हरची डिस्क मात्र पाहत राहावी. जुना बंद पडला, तर त्याच्यासाठी राखलेला लॉग साचत जातो आणि डिस्क भरू शकते. आणि खरोखर परतायची वेळ आलीच, तर जुन्याचा सिक्वेन्सही हातानेच पुढे सरकवावा लागतो.