करायलाच हवं आणि केलं तर बरं

संशोधकाने जर्नलकडे पेपर पाठवला की काही महिन्यांनी संपादकाचं पत्र येतं. पेपर जसाच्या तसा स्वीकारल्याचं त्यात क्वचितच असतं. बहुतेक वेळा मजकूर साधारण असा असतो : ‘दोन परीक्षकांचे अभिप्राय सोबत जोडले आहेत. सर्व मुद्द्यांचा विचार करून सुधारित पेपर पाठवावा.’ खाली तीस-पस्तीस मुद्दे असतात. एखाद्यात निष्कर्षाच्या पायावरच बोट ठेवलेलं असतं, तर दुसऱ्यात आलेखाचा रंग बदलायला सांगितलेला असतो. दोन्ही एकाच यादीत, एकाच सुरात. यातलं काय केलं नाही तर पेपर नाकारला जाईल आणि काय सोडून दिलं तरी चालेल, हे पत्रात कुठेच सांगितलेलं नसतं.

पत्राच्या विषयात ‘मेजर रिव्हिजन’ किंवा ‘मायनर रिव्हिजन’ असं लिहिलेलं असतं खरं. पण तो शेरा संपूर्ण पेपरवरचा असतो, एकेका मुद्द्यावरचा नसतो. मेजर रिव्हिजनच्या पत्रातही निम्म्याहून अधिक सूचना ऐच्छिक असू शकतात आणि मायनरमध्ये एखादी अशी असते, की ती पाळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. म्हणून ‘हे करायलाच हवं’ आणि ‘हे केलं तर बरं’ यांच्यातली रेघ पत्रातच आखलेली असावी लागते. ती आखणं हे संपादकाचं काम आहे, कारण परीक्षक सल्ला देतात आणि निर्णय संपादकाचा असतो.

ही रेघ कशी आखायची, ते एका कल्पित पेपरवरून पाहू.

समजा, पेपरचा दावा असा आहे : नाचणीचे लाडू खाल्ल्याने किशोरवयीन मुलींमधला लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय कमी होतो. संशोधकांनी ग्रामीण भागातल्या दोन शाळा निवडल्या. एका शाळेतल्या ६० मुलींना १२ आठवडे रोज लाडू दिला, दुसऱ्या शाळेतल्या ६० मुलींना दिला नाही. लाडवाच्या शाळेत सरासरी हिमोग्लोबिन १०.८ वरून ११.७ झालं, दुसऱ्या शाळेत १०.९ वरून ११.१. पेपर दोन परीक्षकांकडे गेला आणि त्यांच्याकडून पुढचे पाच मुद्दे आले.

पहिला मुद्दा : शाळांमध्ये आठवड्याला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देण्याची सरकारी योजना आहे आणि राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळीही दिली जाते. या १२ आठवड्यांत दोन्ही शाळांमध्ये या गोळ्या सारख्याच वाटल्या गेल्या का? दुसरा : तुलना ६० मुली विरुद्ध ६० मुली अशी दिसत असली, तरी प्रत्यक्षात ती एक शाळा विरुद्ध एक शाळा अशी आहे. तिसरा : सगळ्या मुलींचं फेरिटिन आणि बी-१२ तपासा. चौथा : प्रस्तावना फार लांबली आहे, असं एक परीक्षक म्हणतो. ती अपुरी आहे, असं दुसरा म्हणतो. पाचवा : पुढील पाच पेपरचा संदर्भ द्यावा, आणि त्या पाचांपैकी चारांवर एकाच लेखकाचं नाव आहे.

प्रत्येक मुद्द्याला संपादकाने एकच प्रश्न विचारायचा असतो : हे केलं नाही, तर पेपरमधला दावा उभा राहील का?

गोळ्यांच्या मुद्द्याला उत्तर ‘नाही’ असं येतं. लाडवाच्या शाळेत लोहाच्या गोळ्या नियमित वाटल्या आणि दुसऱ्या शाळेत साठा संपलेला होता असं निघालं, तर हिमोग्लोबिन लाडवाने वाढलं की गोळीने, हे सांगताच येणार नाही. ही माहिती शाळेच्या नोंदवहीत मिळू शकते, त्यासाठी नवा प्रयोग करायला नको. मुद्दा अनिवार्य आहे आणि आवाक्यातलाही आहे.

दुसरा मुद्दा अवघड आहे. एका बाजूला एकच शाळा असेल, तर लाडवाचा परिणाम आणि त्या शाळेचं बाकीचं सगळं वेगळेपण (पोषण आहार, पाणी, गावातली आर्थिक स्थिती) एकमेकांपासून सोडवता येत नाही. संख्याशास्त्राचं कोणतंही तंत्र इथे उपयोगी पडत नाही, कारण त्यासाठी लागणारी माहितीच गोळा झालेली नाही. म्हणून ‘विश्लेषण सुधारा’ असं संपादकाने लिहिलं, तर लेखक महिनोन्महिने आकडे फिरवत बसतील. त्याने लिहायला हवं ते असं : ‘लाडवामुळे हिमोग्लोबिन वाढलं, असं शीर्षकात किंवा निष्कर्षात म्हणू नये. दोन शाळांमध्ये फरक दिसला, असं म्हणावं आणि ही मर्यादा सारांशातही नोंदवावी.’ ही अनिवार्य सुधारणा दोन दिवसांत होण्यासारखी आहे. अनिवार्य म्हणजे कष्टाचं आणि ऐच्छिक म्हणजे सोपं, असं समीकरण नसतं.

फेरिटिनच्या मुद्द्यात या प्रश्नाची खरी कसोटी लागते. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. पण अभ्यास संपला आहे, रक्ताचे नमुने साठवलेले नाहीत आणि आज तपासणी केली तर तेव्हाची स्थिती समजणार नाही. मग ही मागणी अनिवार्य की ऐच्छिक? ते दाव्यावर ठरतं. ‘लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय’ हे शब्द पेपरमध्ये ठेवायचे असतील, तर फेरिटिनशिवाय भागणार नाही. ‘हिमोग्लोबिन’ एवढंच म्हणायचं असेल, तर त्याची गरज नाही. चांगलं निर्णयपत्र इथे दोन्ही वाटा दाखवतं : पुरावा द्या, नाहीतर दावा पुराव्याएवढा करा. बी-१२ची तपासणी मात्र पुढच्या अभ्यासासाठीची सूचना आहे. तिची जागा ऐच्छिक यादीत.

प्रस्तावनेबद्दल परीक्षकांचं एकमेकांशी जुळत नाही, पण दाव्याला त्याने बाधा येत नाही. संपादकाने ‘लेखकांनी आपल्या मताने ठरवावं’ असं स्पष्ट लिहिलं की प्रश्न मिटला. तसं न लिहिता दोन्ही अभिप्राय पुढे ढकलले, तर लेखक एकाला खूश करताना दुसऱ्याला दुखावतो. संदर्भांच्या मुद्द्यावर प्रकाशन-नीतीचा आग्रह धरणाऱ्या ‘कोप’ या संस्थेचे नियम स्पष्ट आहेत : केवळ स्वतःच्या किंवा सहकाऱ्यांच्या पेपरची गणती वाढावी म्हणून परीक्षकाने संदर्भ सुचवू नयेत. ‘या संदर्भांवर स्वीकृती अवलंबून नाही’ हे वाक्य संपादकाने लिहिलं नाही, तर नवखा संशोधक ते पाचही पेपर निमूटपणे घालतो.

पाच मुद्द्यांतून अनिवार्य उरले तीन, आणि तिघांनाही नवा प्रयोग लागत नाही. हेच पाच मुद्दे नुसते पुढे ढकलले असते, तर लेखकांनी आधी फेरिटिनसाठी निधी शोधायला सुरुवात केली असती आणि शाळेची नोंदवही तशीच राहिली असती.

ही अडचण जगभरची आहे. २०११ मध्ये हिडे प्लोघ या रोगप्रतिकारशास्त्रज्ञाने ‘नेचर’मध्ये कडक शब्दांत लिहिलं, की परीक्षक मागतात त्या अनेक प्रयोगांनी मूळ निष्कर्ष बदलत नाही, वेळ आणि पैसा मात्र जातो. मागितलेल्या प्रयोगाला किती खर्च आणि श्रम लागतील, याचा अंदाज परीक्षकानेच द्यावा, असं त्यांनी सुचवलं. ‘बायोमेड सेंट्रल’च्या जर्नलांनी बरीच वर्षं वेगळा मार्ग वापरला. तिथे परीक्षकालाच आपले मुद्दे तीन कप्प्यांत वाटावे लागत : मोठ्या अनिवार्य सुधारणा, किरकोळ पण आवश्यक सुधारणा आणि लेखकाच्या मर्जीवरच्या सुधारणा. या पद्धतीची मर्यादा अशी, की प्रत्येक परीक्षक आपल्यापुरतं वर्गीकरण करतो आणि ज्याला स्वतःचा प्रत्येक मुद्दा मोलाचा वाटतो, तो सगळेच पहिल्या कप्प्यात टाकू शकतो.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘ईलाइफ’ने त्यावर उपाय शोधला. परीक्षक एकमेकांचे अभिप्राय वाचून आपसात चर्चा करत आणि संपादक त्यातून आवश्यक सुधारणांचं एकच पत्र तयार करत असे. नवा प्रयोग मागायचा, तर तो आवश्यक हवा आणि साधारण दोन महिन्यांत होण्यासारखा हवा, असा दंडक होता. चर्चेत पुष्कळ मागण्या आपोआप गळून पडत, कारण ‘हे खरंच हवं का?’ असं दुसऱ्या परीक्षकाने विचारलं, की मागणाऱ्यालाही पुन्हा विचार करावा लागतो. २०२३ पासून ‘ईलाइफ’ने परीक्षणानंतरचा स्वीकार-नकारच काढून टाकला. परीक्षण प्रसिद्ध होतं आणि सुचवलेल्या सुधारणांपैकी काय करायचं ते लेखक ठरवतात. बाकीच्या बहुसंख्य जर्नलांत मात्र निर्णय संपादकाच्याच हातात आहे आणि तिथे ती रेघ लागतेच.

पत्रात अशी रेघ असली, की दुसऱ्या फेरीतही तिचा उपयोग होतो. सुधारलेला पेपर पुन्हा परीक्षकांकडे जातो, तेव्हा एखादा परीक्षक नवीनच मागणी पुढे करतो. पहिल्या पत्रात अनिवार्य गोष्टींची यादी असेल, तर संपादक म्हणू शकतो : आपण मागितलेलं लेखकांनी दिलं आहे. ही नवी मागणी सुधारणेतून निर्माण झाली असेल किंवा गंभीर चूक दाखवत असेल तरच विचारात घेऊ. यादी नसेल, तर फेऱ्या वाढत जातात.

‘अनिवार्य’ म्हणजे निमूट आज्ञापालन नव्हे, हेही लेखकांनी लक्षात घ्यावं. त्या मुद्द्याला उत्तर देणं अनिवार्य असतं. परीक्षकाचीच समजूत चुकली असेल, तर पुराव्यानिशी तसं लिहावं, फक्त मुद्दा गाळू नये. ऐच्छिक सूचना नाकारताना एका ओळीचं कारण पुरतं. पण त्या न वाचता सोडू नयेत. पुढच्या अभ्यासात काय मोजायचं, ते बऱ्याचदा त्यांच्यातच सापडतं. आपल्या उदाहरणात बी-१२ची सूचना तशीच आहे.

आणि पत्रात रेघच नसेल तर? मुद्द्यांचा सूर वाचावा. ‘निष्कर्षाला आधार नाही’, ‘पर्यायी कारण तपासलेलं नाही’ अशी भाषा असली तर मुद्दा बहुधा अनिवार्य. ‘पाहणं रंजक ठरेल’, ‘लेखकांना हवं असल्यास’ अशी असली तर बहुधा ऐच्छिक. तरीही महिनोन्महिन्यांचा प्रयोग निव्वळ अंदाजावर सुरू करू नये. त्याआधी संपादकाला एक पानाचा सुधारणा-आराखडा पाठवावा : हे तीन मुद्दे आम्ही पूर्ण करतो, या मुद्द्यात दावा कमी करतो, हा प्रयोग अमुक कारणाने करत नाही, हे आपल्याला मान्य आहे का? असं विचारण्यात काही गैर नाही आणि अनेक संपादक त्याला उत्तर देतात. संपादकाने न आखलेली रेघ त्या एका पानावर त्याच्याकडूनच आखून घेता येते आणि तीही प्रयोगशाळेचा पैसा खर्च होण्याआधी.