‘डॉ.’पुढचे टिंब

समजा, एका महाविद्यालयातून चर्चासत्राचा ईमेल गेला: ‘डॉ. पाटील व डॉ शेख यांचे व्याख्यान प्रा कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली होईल. येताना ओळखपत्र, तिकिटे, वगैरे. सोबत आणावे.’ पाटलांना टिंब मिळाले, शेखांना नाही. मजकूर लिहिणाऱ्याला त्यात काही वाटले नसेल, पण शेजारी शेजारी छापलेल्या दोन नावांत हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

टिंब गाळण्यामागे बहुधा एक समज असतो: हल्ली इंग्रजीतही ते देत नाहीत, मग मराठीत कशाला? हे अर्धेच खरे आहे. अमेरिकी लेखनात ‘डॉक्टर’ आणि ‘मिस्टर’ यांच्या संक्षेपांना आजही टिंब देतात. ब्रिटिश लेखनात बहुधा देत नाहीत, पण त्यामागे कारण आहे. हेन्री फाउलरने 1926च्या आपल्या कोशात ज्या भेदाचा पुरस्कार केला, तो असा: संक्षेपात शब्दाचे शेवटचे अक्षर टिकले असेल तर टिंब नको, शेपूटच तोडले असेल तर हवे. ‘डॉक्टर’च्या इंग्रजी संक्षेपात पहिले आणि शेवटचे अक्षर राहते, म्हणून तिथे टिंब जाते. ‘प्रोफेसर’चा शेवट तुटतो, म्हणून तिथे राहते.

हीच कसोटी मराठीला लावली की निकाल उलटा लागतो. ‘डॉ.’मध्ये ‘डॉक्टर’चा ‘र’ नाही. ‘प्रा.’, ‘ॲड.’, ‘सौ.’ हे सगळे शेपटाकडून तोडलेले आहेत. म्हणजे ब्रिटिश नियम मानला तरी मराठीत टिंब हवेच.

याउलट, प्रत्येक उपाधीला टिंब लागते असेही नाही. ‘श्रीमती’ हा पूर्ण शब्द आहे. ‘श्री’चे मात्र त्रांगडे आहे. काही जण तो पूर्ण शब्द मानतात, काही ‘श्रीयुत’चा संक्षेप. दोन्ही रूपे चालतात, पण एकाच पत्रात ‘श्री मोरे’ आणि ‘श्री. जाधव’ असे दोघे नकोत.

‘वगैरे’ हाही पूर्ण शब्द, त्याला संक्षेपाचे टिंब नाही. ‘इत्यादी’चे ‘इ.’ केले तर मात्र ते हवे. वाक्य ‘इ.’वरच संपले तर तेच टिंब पूर्णविरामाचेही काम करते, दुसरे देऊ नये. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने अशी वेळ क्वचितच येते, ती बहुधा याद्यांमध्ये. विभक्तिप्रत्यय लावायचा असेल तर ‘इ.ची’ न लिहिता ‘इत्यादींची’ लिहावे, ते वाचायला सरळ जाते.

वरचा मजकूर मग असा होतो: ‘डॉ. पाटील व डॉ. शेख यांचे व्याख्यान प्रा. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली होईल. येताना ओळखपत्र, तिकिटे वगैरे सोबत आणावे.’

पाठवण्यापूर्वी मजकुरात ‘डॉ’ आणि ‘प्रा’ शोधले की निसटलेली टिंबे सापडतात. जुन्या पत्रांतून उचललेली नावे आणि खाली आपोआप जोडली जाणारी स्वाक्षरी या दोन जागा आधी पाहाव्यात.