सर्वांत वेगळी जोडी

१४, ९, ६ आणि ५ या चार संख्यांमधल्या कोणत्या दोन निवडल्या तर त्यांचा एक्सॉर सर्वांत मोठा येईल? एक्सॉर काढायचा म्हणजे दोन्ही संख्या द्विमान पद्धतीत एकाखाली एक लिहायच्या आणि जिथे अंक वेगळे तिथे १, जिथे सारखे तिथे ० मांडायचा. सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान घ्यावी, असं पटकन वाटतं. १४ म्हणजे १११० आणि ५ म्हणजे ०१०१, त्यांचा एक्सॉर १०११, म्हणजे ११. पण ९ म्हणजे १००१ आणि ६ म्हणजे ०११०. इथे चारही जागी अंक वेगळे आहेत, म्हणून उत्तर येतं ११११, म्हणजे १५.

चारच संख्या असतील तर सगळ्या जोड्या तपासता येतात. दोन लाख असतील तर जोड्या होतात जवळपास दोन हजार कोटी. तिथे बायनरी ट्राय कामी येतो. हे एक झाड असतं आणि त्याच्या प्रत्येक गाठीला जास्तीत जास्त दोन फांद्या असतात, एक ० ची, दुसरी १ ची. संख्येचा सर्वांत डावीकडचा अंक आधी घेऊन एकेक पायरी खाली उतरायचं आणि फांदी नसेल तर नवी काढायची. ६ आणि ५ या दोघांची सुरुवात ०१ ने होते, म्हणून दोन पायऱ्या त्यांची वाट एकच राहते.

आता १४ साठी जोडीदार शोधू. पहिला अंक १, म्हणून ० ची फांदी हवी, ती आहे. दुसराही १, पण तिथे ० ची फांदीच नाही, म्हणून नाइलाजाने १ कडे जायचं. तिसरा १, हवा ०; ५ ची फांदी मिळते. चौथा ०, हवा १, तोही मिळतो. हातात आले ११. हाच शोध ९ साठी घेतला तर कुठेच अडत नाही आणि थेट ६ पर्यंत पोचतो.

प्रत्येक पायरीवर मिळेल तो वेगळा अंक घेतला, तर पुढे पस्तावायची वेळ येत नाही का? नाही, आणि याचं कारण मला या रीतीतलं सर्वांत सुंदर वाटतं: ८ ही किंमत ४, २ आणि १ यांच्या बेरजेपेक्षा मोठीच असते. वरच्या जागी मिळालेला १ खालच्या सगळ्या जागा मिळूनही भरून काढू शकत नाहीत.

घोटाळा होतो तो बहुधा पुढच्या शून्यांमुळे. ५ हा नुसता १०१ म्हणून झाडात घातला, तर त्याचा ४ च्या जागेचा अंक १४ च्या ८ च्या जागेशी भिडतो आणि उत्तर चुकतं. म्हणून सगळ्या संख्यांची लांबी सारखी धरायची; नेहमीच्या ३२ बिटांच्या धन पूर्णांकांसाठी चिन्हाचा बिट सोडून ३१. मग दोन लाख संख्या घालणं आणि शोधणं मिळून सव्वा कोटीच्या आतच पायऱ्या लागतात. किंमत मोजावी लागते ती मेमरीत: वाटा फारशा जुळल्या नाहीत तर गाठी तीस लाखांच्या आसपास जाऊ शकतात. प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे पाहायचं, तर पाच-सहा संख्यांचे वाटेल तसे संच घेऊन सगळ्या जोड्या तपासून आलेल्या उत्तराशी त्याचं उत्तर ताडून बघावं, आणि त्या संचांत लहान-मोठ्या लांबीच्या संख्या मुद्दाम मिसळाव्यात.