आठवड्याला तीन बाळंतिणी

एम.एस्सी. नर्सिंगच्या सिनॉप्सिसमध्ये शेवटच्या पानांत कुठेतरी एक तक्ता असतो. डावीकडे कामांची नावं, वर महिने आणि मधे रंगवलेल्या आडव्या पट्ट्या. त्याखाली चार ओळींचं बजेट: झेरॉक्स, प्रवास, बाइंडिंग, किरकोळ. विषय, उद्दिष्टं, गृहीतकं यांवर गाईडबरोबर महिना-महिना खल होतो, आणि हे पान मात्र बऱ्याचदा सीनियरच्या फाईलवरून एका संध्याकाळी उतरतं. त्यात 'डेटा कलेक्शन : चार आठवडे' असं लिहिलेलं असतं. हे चार आठवडे कुठून आले, असं विचारलं तर उत्तर सहसा मिळत नाही.

ते उत्तर खरं तर वॉर्डातल्या रजिस्टरमध्ये असतं.

एक नमुना घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीचा विषय आहे : सिझेरियन झालेल्या पहिलटकरणींना स्तनपानाची बैठक प्रात्यक्षिकासह शिकवली, तर बाळ अधिक चांगलं पितं का? मोजमाप 'लॅच' गुणांनी. बाळाची पकड, गिळण्याचा आवाज, स्तनाग्राची ठेवण, आईचा आराम आणि बाळाला धरताना आईला लागणारी मदत, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन, असे एकूण दहा गुण. नमुना 60 मातांचा, 30 शिकवलेल्या आणि 30 नेहमीची काळजी घेतलेल्या.

तिने मागच्या तीन महिन्यांचं प्रसूती रजिस्टर उघडलं. आठवड्याला सरासरी 14 सिझेरियन. वाचायला भरपूर वाटतात. त्यातल्या पहिलटकरणी सहा. एकीचं बाळ एनआयसीयूमध्ये जातं, एकीला स्वतःलाच झटक्यांच्या भीतीने देखरेखीखाली ठेवलेलं असतं. उरल्या चार. त्यातली एखादी संमती देत नाही, किंवा विद्यार्थिनी वर्गात असतानाच तिला घरी सोडतात. हातात राहिल्या आठवड्याला तीन. साठ भागिले तीन, म्हणजे वीस आठवडे. चार नव्हे.

बरं, हे आकडेही उदारच म्हणायचे. अमेरिकेतले औषधशास्त्रज्ञ लुई लासाग्ना यांच्या नावाने संशोधकांमध्ये एक नियम सांगितला जातो : अभ्यास सुरू झाला की पात्र रुग्ण एकाएकी दिसेनासे होतात आणि अभ्यास संपला की पुन्हा प्रकटतात. विनोद असला तरी वॉर्डात काम केलेल्या कुणालाही तो पटेल.

या अभ्यासात आणखी एक गुंता आहे. दोन्ही गट एकाच वॉर्डात, शेजारशेजारच्या खाटांवर. पाच नंबरच्या आईला उशी कुठे ठेवायची ते शिकवलं की सहा नंबरची आई बघते, तिची सासू तर अधिकच लक्ष देऊन बघते. मग तुलनेचा गट तुलनेचा राहत नाही. म्हणून बऱ्याच विद्यार्थिनी आधी तुलनेच्या गटाच्या 30 माता पूर्ण करतात आणि मग शिकवायला सुरुवात करतात. एकूण आठवडे तितकेच राहतात, पण पहिले दहा लांबले तर दुसरे दहा आपोआप पुढे सरकतात. शिवाय हंगाम आणि स्टाफही मधल्या काळात बदलू शकतात. ती मर्यादा अहवालात लिहावी लागते.

आता हे वीस आठवडे कॅलेंडरवर बसवून बघायचे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमातलं ढोबळ वेळापत्रक असं : प्रस्ताव पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याच्या अखेरीस, प्रबंध दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिन्याच्या अखेरीस. विद्यापीठाच्या तारखा पुढेमागे होतात, त्या स्वतंत्रपणे बघाव्याच लागतात. वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू झाले असं धरलं, तर प्रस्ताव जूनअखेर आणि प्रबंध पुढच्या जूनअखेर.

मोजणी शेवटाकडून करायची. छपाई-बाइंडिंगला दोन आठवडे, गाईडच्या वाचनाला आणि दुरुस्त्यांना तीन, प्रकरणं लिहायला चार, सांख्यिकीला तीन. झाले बारा. म्हणजे शेवटच्या बाळंतिणीची नोंद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत व्हायला हवी. त्याआधी वीस आठवडे गेलं, की आपण नोव्हेंबरच्या मध्यावर येतो. आणि जुलै ते नोव्हेंबर? एथिक्स कमिटीची बैठक काही रोज होत नाही. एक तारीख चुकली की पुढच्या बैठकीची वाट बघायची, मग शंका, मग त्यांची उत्तरं. मंजुरीपत्र ऑगस्टअखेर मिळालं तरी नशीब. त्यानंतर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत, नोंदणी. ती मोफत आहे, पण 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. शिकवणं हीसुद्धा 'इंटरव्हेन्शन'च असते, हे पुष्कळांना उशिरा कळतं. मग पहिल्या वर्षाची परीक्षा. मग पायलट : प्रथेप्रमाणे नमुन्याच्या दहा टक्के, म्हणजे सहा माता, म्हणजे दोन आठवडे. त्या सहा जणी मुख्य अभ्यासात धरायच्या नाहीत.

जेमतेम बसलं. एकही आठवडा शिल्लक नाही.

सैल करण्यासारखी एक जागा आहे, ती जूनच्या आधी. माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत लागतंच, कमिटी ते अर्जासोबतच मागते. तेव्हा भाषांतर, उलट भाषांतर आणि तज्ज्ञांकडून टूल तपासून घेणं प्रस्तावाआधीच उरकलं, तर जुलै-ऑगस्ट कमिटीसाठी मोकळे राहतात. दुसऱ्या कुणाची प्रश्नावली वापरायची असेल तर परवानगीची ईमेलही याच काळात जायला हवी. उत्तर यायला कधी आठवडे लागतात, आणि काही प्रमाणित चाचण्या विकतच घ्याव्या लागतात.

पैशाचा हिशेबही याच वीस आठवड्यांतून निघतो. रुग्णालय कॉलेजपासून दूर असेल आणि जाऊन-येऊन रोज 60 रुपये लागत असतील, तर आठवड्याचे सहा दिवस धरून 7,200 रुपये झाले. चार आठवड्यांच्या तक्त्यात हेच 1,440 दिसतात. झेरॉक्समध्येही अशीच फसगत होते. संमतीपत्र चार पानांचं, पण एक प्रत आईकडे द्यायची असते, म्हणून आठ. नोंदपत्रक तीन. अकरा पानं गुणिले 66, कारण पायलटच्या सहा जणी असतातच. खराब होणारी धरून 800 पानं, दोन रुपयांप्रमाणे 1,600. भाषांतर दोन्ही बाजूंनी 3,500, सांख्यिकी तज्ज्ञ 5,000, बाहुली आणि स्तनाचं मॉडेल 3,000, पाच प्रतींची छपाई-बाइंडिंग 3,100. बेरीज 23,400, वर दहा टक्के राखीव, म्हणजे साधारण 25,700. दर गावागावाप्रमाणे बदलतील. एथिक्स कमिटीची फी कुठे असते, कुठे विद्यार्थ्यांना माफ असते, ती विचारून घ्यायची.

हा खर्च बहुधा विद्यार्थिनीच्याच खिशातून जातो. तो रुग्णावर टाकता येत नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या उपचारांपलीकडचा, संशोधनासाठी होणारा खर्च सहभागी व्यक्तीकडून घ्यायचा नाही. म्हणून दुसरं मोजमाप कधी घ्यायचं हाही पैशाचा प्रश्न होतो. तिसऱ्या दिवशी, आई वॉर्डात असतानाच लॅच पाहिलं तर वेगळा खर्च नाही. दहाव्या दिवशी बोलावलं तर 60 जणींचं येण्याजाण्याचं भाडं, 200 रुपये धरलं तरी 12,000, आणि शिवाय न येणाऱ्यांची भरपाई म्हणून नमुनाही वाढवावा लागतो.

नियोजन बिघडतंय हे लवकर कळतं, रोजची मोजणी भिंतीवर लावली तर. चौथ्या आठवड्याअखेर 12 माता हव्या होत्या आणि झाल्या सातच, तर याच वेगाने 34 आठवडे लागणार. तेव्हा मार्ग दोन-तीनच उरतात. दुसरं रुग्णालय जोडायचं, संध्याकाळीही वॉर्डात थांबायचं, किंवा दुसरेपणाच्या मातांनाही घ्यायचं, म्हणजे मूळ प्रश्नच बदलायचा. पहिल्या आणि शेवटच्या मार्गासाठी एथिक्स कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करायचा तो पुढच्या बैठकीची तारीख बघून.