हरकतीचा मुद्दा इतिवृत्तात कसा लिहायचा? चार ओळी पुरतात, चार पानं नकोत

सभा कशी चालवायची यावर आपण व्हिडिओ केला होता. आज त्यातल्या एकाच प्रश्नावर नीट बोलू. सभेत कुणी उठून "माझा हरकतीचा मुद्दा आहे" म्हणालं, त्यावर पंधरा-वीस मिनिटं गोंधळ झाला आणि शेवटी अध्यक्षांनी निर्णय दिला, तर प्रोसिडिंग बुकात नेमकं काय लिहायचं?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला सभांची सवय जुनी आहे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून गावच्या दूध डेअरीपर्यंत सगळीकडे सर्वसाधारण सभा होतात. आता त्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांची भर पडली. तुमच्यापैकी बरेच जण अशा कंपनीत संचालक आहेत किंवा होणार आहेत, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ.

आधी हरकतीचा मुद्दा म्हणजे काय ते स्पष्ट करू. "मला हा ठराव पटत नाही" हा हरकतीचा मुद्दा नाही, ते मत झालं. "या सभेला हा ठराव घेता येत नाही, कारण अमुक नियम मोडतोय" हा हरकतीचा मुद्दा. ओळखायची खूण सोपी आहे. बोलणारा नियमाकडे बोट दाखवतोय का ते बघा. दर, खर्च, फायदा-तोटा यावर बोलत असेल तर ती चर्चाच आहे, कितीही जोरात "हरकत" म्हणाला तरी.

लोकसभेच्या कामकाज नियमांतला नियम ३७६ हेच सांगतो. हरकतीचा मुद्दा नियमांच्या अर्थाबद्दल किंवा अंमलबजावणीबद्दल असावा, त्यावर वादविवाद होणार नाही, अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांचं ऐकून घेतील आणि त्यांचा निर्णय अंतिम राहील. हा नियम आपल्या कंपनीला लागू नाही, पण त्यातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. लोकसभेत शब्दन् शब्द टिपणारे रिपोर्टर असतात आणि त्यांचं कार्यवृत्त वेगळं छापलं जातं. त्याशिवाय 'बुलेटिन भाग १' नावाची कामकाजाची थोडक्यात नोंद वेगळी निघते. म्हणजे संवाद एका कागदावर, निष्कर्ष दुसऱ्या कागदावर. आपल्याकडे रिपोर्टर नाहीत, प्रोसिडिंग बुक एकच आहे. ते या दुसऱ्या प्रकारचं ठेवायचं. घोटाळा होतो तो एकाच वहीत दोन्ही कोंबायला गेल्यामुळे.

आता उदाहरण

समजा, श्रीगोंदा-पारनेर पट्ट्यातली कांदा उत्पादकांची एक कंपनी आहे. २६४ सभासद, वार्षिक सभेला ११८ हजर. विषयपत्रिकेतले सगळे विषय झाले आणि शेवटचा नेहमीचा विषय आला, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. एक सभासद उठून म्हणाले, "यंदा नफा चांगला आहे, कंपनीला दिलेल्या कांद्यावर किलोला ४० पैसे पॅट्रोनेज बोनस आत्ताच मंजूर करा." टाळ्या पडल्या. तेवढ्यात दुसरे सभासद उठले, "हरकतीचा मुद्दा! बोनसचा विषय नोटिशीत नाही. जे आज आले नाहीत त्यांना हे कळलंच नाही."

मुद्दा खरा आहे का? कंपनी कायद्याच्या कलम ३७८एस प्रमाणे पॅट्रोनेज बोनसची मंजुरी वार्षिक सर्वसाधारण सभेतच घ्यावी लागते. सभेची नोटीस किमान चौदा दिवस आधी आणि विषयपत्रिकेसह द्यावी लागते. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेचं एसएस-२ हे सभांसाठीचं मानकही सांगतं की नोटिशीत नसलेला विषय, कायद्याने खास परवानगी दिलेली नसेल तर, सर्वसाधारण सभेत घेऊ नये. म्हणजे अध्यक्षांनी हरकत मान्य केली तर बोनसचा ठराव थेट पुढच्या वार्षिक सभेत. वर्षभर थांबा! साहजिकच सभा तापली. कुणी म्हणालं संचालकांना पैसे द्यायचेच नाहीत, कुणी म्हणालं हरकत घेणारा व्यापाऱ्यांचा माणूस आहे. वीस मिनिटांनी अध्यक्षांनी हरकत मान्य केली.

नवीन माणसाच्या हातात पेन असेल तर बुकात असं उतरतं:

"सभासद क्र. ४७ म्हणाले की हा विषय नोटिशीत नाही. सभासद क्र. १२ म्हणाले की हे व्यापाऱ्याकडून पैसे घेऊन आले आहेत. सभासद क्र. ४७ चिडून म्हणाले की सिद्ध करून दाखवा. सभासद क्र. ८८ म्हणाले की मागच्या वर्षीही असंच झालं. अध्यक्ष म्हणाले शांत बसा. बराच गोंधळ झाला. शेवटी अध्यक्ष म्हणाले की जाऊ द्या, आज नको, पुढे बघू."

यात तीन गोष्टी बिघडल्या. पहिली, "पैसे घेऊन आले" हा आरोप कंपनीच्या अधिकृत कागदावर चढला. कलम ११८ अध्यक्षांना स्पष्ट अधिकार देतं की कुणाची बदनामी होईल असा, विषयाला सोडून असलेला किंवा कंपनीच्या हिताला बाधक मजकूर इतिवृत्तात येऊ द्यायचा नाही. दुसरी, हरकत कोणत्या नियमावर होती ते नीट उरलंच नाही. तिसरी आणि सगळ्यात मोठी, "पुढे बघू" हा निर्णय नाही. हरकत मान्य झाली की विषय नुसता पुढे ढकलला? कारण काय? वाचणाऱ्याला कळणार नाही.

आणि वाचणारे बरेच आहेत. उत्पादक कंपनीत वार्षिक सभेचं कामकाज, संचालकांचा अहवाल आणि ताळेबंद यांच्यासोबत साठ दिवसांत रजिस्ट्रारकडे जातं. वर पुढच्या वार्षिक सभेच्या नोटिशीसोबत मागच्या सभेचं इतिवृत्त प्रत्येक सभासदाला पाठवावं लागतं. म्हणजे बोनसचा विषय पुन्हा येईल तेव्हा सगळ्या २६४ घरांत तो आरोप छापील पोचलेला असेल. भांडण मिटलेलं असलं तरी तुमच्या बुकानं ते परत पेटवलं.

आता हेच बरोबर लिहू

"ऐनवेळचे विषय : श्री. ... (सभासद क्र. ३१) यांनी कंपनीस पुरविलेल्या कांद्यावर प्रति किलो ४० पैसे पॅट्रोनेज बोनस मंजूर करावा असे सुचविले.

हरकतीचा मुद्दा : श्री. ... (सभासद क्र. ४७) यांनी हा विषय सभेच्या नोटिशीत नसल्याने त्यावर ठराव घेता येणार नाही, अशी हरकत घेतली. अध्यक्षांनी उपस्थित सभासदांचे म्हणणे ऐकून घेतले.

अध्यक्षांचा निर्णय : विषय नोटिशीत नमूद नाही, सबब हरकत मान्य करण्यात आली.

परिणाम : सूचनेवर मतदान घेण्यात आले नाही. पॅट्रोनेज बोनसचा विषय पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घेण्याचे अध्यक्षांनी सांगितले."

बघा, वीस मिनिटांच्या वादाची जागा एका वाक्यानं घेतली : "उपस्थित सभासदांचे म्हणणे ऐकून घेतले." त्यात खोटं काही नाही, लपवलेलंही नाही. अध्यक्षांनी एकतर्फी निर्णय दिला नाही, एवढं त्यातून कळतं, आणि तेवढंच कळायला हवं. कंपन्यांची मानकं म्हणतात ते हेच : इतिवृत्त म्हणजे कामकाजाचा खरा आणि योग्य सारांश, शब्दशः नक्कल नव्हे. भाषा साधी, तृतीय पुरुषी आणि भूतकाळी. "मी", "तुम्ही", "चिडून", "जोरात", "गोंधळ" यांतला एकही शब्द लागत नाही.

ही चौकट पाठ करा. कुठल्या विषयावर, कुणी कोणत्या नियमावर हरकत घेतली, अध्यक्षांनी काय निर्णय दिला आणि का, मग पुढे काय झालं. यातलं "का" सर्वात जास्त वेळा सुटतं. कारण न लिहिता नुसतं "हरकत फेटाळली" लिहिलं, तर पुढच्या वर्षी तोच मुद्दा परत येतो आणि अध्यक्ष बदललेले असतील तर निर्णय उलटाही येऊ शकतो.

कारण मिळवायचं कसं?

तापलेल्या सभेत अध्यक्ष निर्णय नीट वाक्यात बोलत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. "हां हां, बरोबर आहे त्यांचं, बसा" असं बोलतात. तेव्हा लिहिणाऱ्यानं अंदाजानं कारण भरायचं नाही. तिथंच हात वर करून म्हणायचं, "साहेब, निर्णय बुकासाठी एका वाक्यात सांगता का?" अध्यक्षांनी सांगितलं की लिहा आणि लगेच मोठ्यानं वाचून दाखवा. या अर्ध्या मिनिटामुळे नंतरची निम्मी भांडणं टळतात, कारण निर्णय काय झाला हे सगळ्यांनी एकाच वेळी ऐकलेलं असतं.

काही वेळा अध्यक्ष लगेच निर्णय देत नाहीत, आधी नोटीस किंवा नियमावली बघायला मागतात. मग "निर्णय राखून ठेवला" असं लिहा आणि त्याच सभेत निर्णय आला की त्या जागी नवीन परिच्छेदात लिहा. हरकत घेणाऱ्यानं ती मागे घेतली तर "हरकत मागे घेतली" एवढंच, कारणं नकोत. आणि मुद्दा मुळात हरकतीचा नसेल, नुसतं मत असेल, तर अध्यक्षांनी तसं सांगावं आणि तुम्ही लिहावं : "हा हरकतीचा मुद्दा नसून चर्चेचा भाग असल्याचे अध्यक्षांनी सांगितले." ते मत मग बाकीच्या चर्चेसारखंच सारांशात जाईल.

कुणी अडून बसलं की "माझे शब्द जसेच्या तसे लिहा", तर? संचालक मंडळाच्या सभेसाठीचं एसएस-१ हे मानक सांगतं की संचालकानं तशी मागणी केली तर लिहायचं की नाही हा अध्यक्षांचा निर्णय अंतिम. म्हणजे हो-नाही तुम्ही म्हणायचं नाही, अध्यक्षांकडे बघायचं. त्यांनी हो म्हटलं तर त्या माणसाकडून मजकूर लिहून घ्या, म्हणजे "मी असं बोललोच नव्हतो" हे नंतर ऐकावं लागणार नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. नीट लिहिलेलं इतिवृत्त हे सभेत काय ठरलं याचा पुरावा आहे, अध्यक्षांचा निर्णय कायद्यानं बरोबरच होता याचा नाही. चुकीचा निर्णय सुबक लिहिला म्हणून बरोबर होत नाही. पण तो कोणत्या कारणावर दिला हे स्पष्ट असेल तर तुमचा सीए किंवा सीएस चूक कुठे आहे ते पटकन दाखवू शकतो. उलट, निर्णय चुकला म्हणून नंतर बुकात गुपचूप शब्द बदलायचे नाहीत. इतिवृत्तात फेरफार केल्यास कलम ११८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे.

मुदतही सांगून ठेवतो. सभा संपल्यापासून तीस दिवसांत इतिवृत्त बुकात चढलं पाहिजे. प्रत्येक पानावर अध्यक्षांची सही किंवा आद्याक्षरं, शेवटच्या पानावर तारखेसह पूर्ण सही. टाइप केलेला कागद बुकात चिकटवायचा नाही.

पतसंस्था, गृहनिर्माण सोसायटी किंवा बचत गट असेल तर कायदा आणि पोटनियम वेगळे, मुदती वेगळ्या, त्या तुमच्या पोटनियमांत बघा. चार ओळींची चौकट मात्र तिथंही चालते. आज एक काम करा. तुमच्या संस्थेचं मागच्या सभेचं प्रोसिडिंग उघडा आणि जिथं "म्हणाले" हा शब्द आहे तिथं पेन्सिलीनं खूण करा. एका पानावर पाचपेक्षा जास्त खुणा झाल्या, तर तुमच्याकडे इतिवृत्त नाही, भांडणाची टेप आहे. पुढच्या सभेच्या आधी लिहिणाऱ्याला हा लेख वाचायला द्या.