आजीचा शेर नक्की किती ग्रॅमचा?

सहावीच्या ‘जुनी मापे, नवी मापे’ या प्रकल्पात मुले बहुतेक एक तक्ता उतरवून काढतात: 1 तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, 80 तोळ्यांचा 1 शेर, 40 शेरांचा 1 मण. गणित बरोबर आहे. 80 तोळ्यांचे सुमारे 933 ग्रॅम होतात, म्हणजे शेर किलोपेक्षा थोडा कमी. पण आजीला विचारले की उत्तर या तक्त्यात बसत नाही, आणि प्रकल्पाची खरी मजा तिथेच सुरू होते.

तोळ्यापासून सुरुवात करावी, कारण तो घरी तपासता येतो. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया एक तोळा वजनाचा असे. देवघरात असे रुपये असतील तर दहा एकदम काट्यावर ठेवा. 116 ग्रॅमच्या आसपास वजन भरायला हवे. थोडे कमी भरले तर नाणी झिजलेली आहेत. आज सराफाकडे मात्र बोलताना तोळा 10 ग्रॅमचा धरतात. आजीच्या पाटल्या जुन्या हिशेबाने पाच तोळ्यांच्या असतील तर त्या सुमारे 58 ग्रॅम भरतील, आजच्या बोलीतल्या पाच तोळ्यांचे 50 ग्रॅमच होतील. घरातल्या जुन्या आकड्यांचा घोळ बऱ्याचदा इथे असतो.

शेराचे प्रकरण अधिक खोल आहे. आजी ‘शेरभर तांदूळ’ म्हणते तेव्हा ती बहुधा वजन सांगत नसते. धान्य मोजायचे ते मापाने: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा शेर जागा मोजतो, वजन नाही. म्हणून याची तुलना किलोशी करू नये, लिटरशी करावी. घरात जुने मापटे असेल तर ते पाण्याने काठोकाठ भरा आणि ते पाणी मिलिलिटरच्या भांड्यात ओता. मग त्याच मापट्याने आधी तांदूळ आणि नंतर पोहे भरून दोन्हींचे वजन करा. माप तेच, पण पोहे तांदळापेक्षा कितीतरी हलके भरतील. माप सपाट भरले की शीग लावून, तेही लिहायला हवे, कारण शिगेने वजन चांगलेच वाढते.

शिवाय गाव बदलले की मापही बदलत असे. 40 शेरांचा सरकारी मण सुमारे 37 किलोंचा, तर मुंबईचा जुना मण 28 पौंडांचा, म्हणजे 13 किलोंहूनही कमी. एकाच नावाचा माल दोन बाजारांत इतका वेगळा भरत असेल तर व्यापाऱ्याचा आणि शेतकऱ्याचा हिशेब कसा जुळणार? 1956 च्या कायद्याने देशभर एकच दशमान पद्धत ठरली आणि पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने लागू झाली.

त्यामुळे तक्त्यात ‘आजीने सांगितले’, ‘आम्ही मोजले’ आणि ‘कुठल्या गावचे माप’ असे तीन रकाने करावेत. पहिल्या दोन रकान्यांतले आकडे जुळले नाहीत तर खोडू नका; ते माप वजनाचे होते की धान्य भरायचे, हे आजीला पुन्हा विचारा.